इंग्रजी टेम्प्लेटात मराठी भरताना नेमकं काय मोडतं

प्रश्न : मी डिझायनर नाही. कॅनव्हातलं तयार टेम्प्लेट घेते, पण फॉन्ट, रंग आणि मजकूर बदलला की सगळं विस्कटतं. लेआउट न मोडता हे कसं करायचं?

तुम्हाला डिझाइन येत नाही म्हणून ते विस्कटतं, हे आधी डोक्यातून काढा. आमच्या घरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना. कॅनव्हातली बहुतेक टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरांच्या मापानं बांधलेली असतात. त्यात मराठी भरलं की ठरावीक दोन-तीन जागीच मोडतं. त्या जागा कळल्या की झालं.

माझे दीर ग्राफिक्सचा कोर्स करून आलेत, छत्रपती संभाजीनगरला कामाला असतात. आम्ही बायका अंबाजोगाईत बचत गट चालवतो. येसर, काराळ्याची चटणी, जवसाची चटणी, हातच्या शेवया असा माल असतो. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राला गर्दी असते, तेव्हा टेबल मांडायचं ठरलं आणि दरपत्रक हवं होतं. मी कॅनव्हात एक ए-फोर आकाराचं टेम्प्लेट निवडलं. क्रीम रंगाची पाठ, वर एका कोपऱ्यात पानांची नक्षी, मधोमध मोठ्या अक्षरांत HOMEMADE, खाली एक बारीक ओळ, मग वस्तू आणि भाव. भाऊजी सुट्टीला आले होते. म्हणाले, "वहिनी, हे काय करायलात? टेम्प्लेटात मराठी बसत नसतं. त्याला कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच लागतं. आणा इकडं."

आणि त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. HOMEMADE खोडून "घरगुती चटण्या आणि मसाले" टाइप केलं. अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली, शिरोरेखा जागोजागी तुटली. ओळ मावेना म्हणून दुसऱ्या ओळीत गेली आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडला. खालची बारीक ओळ त्याखाली दबली. मग त्यांनी फॉन्ट बदलून पाहिले. एकामागोमाग एक दहा नावं दाबली तरी मराठी अक्षर हललं नाही, फक्त भावातला 120 हा आकडा तेवढा रूप बदलत राहिला. "बघा, म्हणलं नव्हतं का?" असं म्हणून ते उठले.

तो 120 बघूनच मला कळलं. आकडा बदलतोय आणि अक्षर बदलत नाही, म्हणजे त्या फॉन्टात देवनागरीच नाही. अशा वेळी कॅनव्हा स्वतःकडचा एखादा साधा देवनागरी फॉन्ट लावून देतं आणि वर नाव मात्र आपण निवडलेल्या इंग्रजी फॉन्टचंच दिसतं. ही खूण तुम्हीही करून बघा. मराठी शब्द निवडायचा आणि दोन अगदी वेगळे फॉन्ट लावायचे, एक जाडजूड आणि एक नाजूक. अक्षर जागचं हललं नाही तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. मग शोधाच्या चौकटीत सरळ Mukta, Baloo किंवा Hind टाइप करा. Mukta आणि Baloo मुंबईच्या Ek Type नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेत, त्यांत देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही जोडीनं घडवलंय. म्हणून "काराळ्याची चटणी 250 ग्रॅम" या ओळीतला आकडा उपरा दिसत नाही. शीर्षकाला Baloo आणि बाकी सगळ्याला Mukta, एवढ्यावर मी थांबते. तिसरा फॉन्ट घेऊ नका. टेम्प्लेटात चार असले तरी घेऊ नका.

आता ती तुटलेली शिरोरेखा. इंग्रजी टेम्प्लेटात मोठ्या अक्षरांच्या शीर्षकाला मुद्दाम अंतर दिलेलं असतं, HOMEMADE मधली अक्षरं ऐसपैस पसरावीत म्हणून. मजकूर बदलला तरी ते अंतर तसंच राहतं. चौकट निवडली की वरच्या पट्टीत Spacing असतं, त्यात Letter spacing. आमच्या टेम्प्लेटात तिथं 200 होतं. ते 0 केलं आणि शिरोरेखा सलग झाली. मराठीला हा आकडा कायम शून्य ठेवायचा. त्याच्याच शेजारी Line spacing असतं. तिथं 0.9 होतं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही नसतं, त्यामुळे ओळी चिकटून चालतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. तिथं 1.3 किंवा 1.4 लागतं. "र्पू" किंवा "द्धी" असलेली ओळ बघून आकडा ठरवा, "घर" बघून ठरवू नका. आणि गोलाकार वळवलेला मजकूर टेम्प्लेटात असेल तर तो काढून सरळ ओळ घ्या. वळणावर प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि रेघ तुटतेच.

एवढं केल्यावर राहिला मापाचा प्रश्न. कॅनव्हात मजकुराची चौकट वाढली की ती खाली वाढते, पण खालच्या वस्तू सरकत नाहीत. वर्डमध्ये सगळं आपोआप खाली जातं, इथं जात नाही, एकावर एक चढतं. लोक इथंच गोंधळतात. मग कोपऱ्यातला गोल ठिपका धरून ओढतात, त्यानं अक्षराचा आकारच बदलतो आणि शेजारच्या ओळींशी प्रमाण बिघडतं. बाजूची उभी दांडी धरा. तिनं फक्त रुंदी बदलते, अक्षर तेवढंच राहतं. मी ती दांडी दोन्हीकडून सारखी ओढून चौकट खालच्या दरांच्या रुंदीइतकी केली. तरी "घरगुती चटण्या आणि मसाले" दोन ओळीच घेत होतं. तेव्हा मी मजकूर कापला. शीर्षकात "घरची चटणी" ठेवलं आणि "येसर, शेवया, मसाले" हे खालच्या बारीक ओळीत गेलं. HOMEMADE एक शब्द होता, तिथं दोन लहान शब्द बसतात, चार बसत नाहीत. रेडिमेड ब्लाउज अंगाला बसवताना आपण शिलाई आत-बाहेर करतो, काप बदलत नाही, तसंच हे आहे. टेम्प्लेट ज्यानं केलं त्यानं मोकळी जागा विचार करून सोडलेली असते. ती भरून टाकली की पुढं कितीही चांगला फॉन्ट लावा, पत्रक गिचमिड दिसणारच. भाऊजींचा आग्रह होता की सोळा वस्तू एका पानावर याव्यात. मी टेम्प्लेटात जितक्या ओळी होत्या तितक्याच ठेवल्या आणि उरलेल्यांसाठी पानाची नक्कल करून दुसरं पान केलं.

काम सुरू करण्याआधीही पानाची नक्कल काढून ठेवा, म्हणजे मूळ मांडणी शेजारी दिसत राहते. आणि ज्याला हात लावायचा नाही, ती नक्षी, ती पट्टी, तो पाठचा रंगाचा चौकोन, कुलपाच्या खुणेनं बंद करून टाका. नाहीतर मजकूर पकडायला जावं आणि मागची नक्षी हातात यावी, असं होतं. हलली तर Ctrl+Z आहेच, पण पुष्कळदा ती हलल्याचं उशिरा लक्षात येतं.

रंग शेवटी. आम्हाला हिरव्याऐवजी कुंकवाचा रंग हवा होता. एकेक ओळ निवडून रंग लावत बसू नका, एखादी हमखास सुटते. एक हिरवी गोष्ट निवडा, रंगाच्या चौकोनावर दाबा, नवा रंग लावा. मग त्या पट्टीत खाली Change all येतं. ते दाबलं की डिझाइनमधला तो हिरवा सगळीकडे बदलतो. फक्त गडद रंगाच्या जागी गडदच घ्या आणि फिक्याच्या जागी फिकाच. क्रीम पाठीवर हिरवं वाचता येत होतं ते दोन्हींतल्या फरकामुळे. तिथं हळदीचा पिवळा लावला तर भाव दिसणारच नाहीत. शंका असेल तर काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. त्यात भाव वाचता आले तर रंग बरोबर आहेत. आमच्या नक्षीचा रंग मात्र बदलला नाही. ती निवडल्यावर वर रंगाचे चौकोनच येत नव्हते, म्हणजे ते साधं चित्र होतं. मग ती काढून तशीच, पण रंग बदलता येणारी पानं घेतली आणि त्याच जागी, त्याच मापानं ठेवली.

छापायला देताना पुन्हा एकदा "मराठी बसत नसतं" हे ऐकावं लागलं, या वेळी फ्लेक्सच्या दुकानात. त्यांनी माझी पीडीएफ कोरलमध्ये उघडली आणि वेलांट्या उड्या मारून भलतीकडे गेल्या. "फाईलच खराब आहे, मॅडम," म्हणाले. फाईल खराब नव्हती. ती उघडून अक्षरं पुन्हा जुळवली की असं होतं. PDF Print निवडून डाउनलोड करताना Flatten PDF वर खूण करा. मग सगळं पान चित्रासारखं एकजीव होतं आणि तिकडं अक्षर हलायला काही उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवला की तो दाबला जाऊन बारीक अक्षर फुटतं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मुकुटाची खूण असलेली चित्रं फुकट खात्यात वापरली तर पैसे मागतात, म्हणून ती आधीच बदला. दुकानदाराकडच्या जुन्या फाईलमधून मजकूर उचलून चिकटवला आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातला मजकूर आहे. दुरुस्त करत बसू नका, हातानं पुन्हा टाइप करा. फोनवरून हे सगळं होतं, पण कुलूप लावणं, दांडी ओढणं लॅपटॉपवर सोपं जातं. आणि भाऊजींची एक गोष्ट मला मान्य आहे: गटाचा लोगो टेम्प्लेटातून घेऊ नये. तेच टेम्प्लेट दुसरं कुणीही वापरू शकतं आणि त्यावर ट्रेडमार्क घेता येत नाही. लोगो आम्ही त्यांच्याकडूनच करून घेतला. दरपत्रक मात्र अजून मीच करते.