दिवाळीच्या स्कीमचं पत्रक लिहिताना

आपल्याकडून माल घेणाऱ्या दुकानदारांना द्यायच्या पत्रकाचा तुझा मसुदा पाहिला. वरच्या शुभेच्छा दोन ओळींत आटप. शेठ लोक थेट सवलतीच्या स्लॅबवर नजर टाकतात.

तू लिहिलंयस, '३ लाखांवर दीड टक्का, ५ लाखांवर अडीच टक्के.' भांडण इथेच होणार. अडीच टक्के पूर्ण खरेदीवर, की ५ लाखांच्या वरच्या रकमेवर? आपण पूर्ण खरेदीवर देतो, तर तसंच लिही. खरेदी म्हणजे जीएसटी सोडून, परत आलेला माल वजा करून, हेही त्याच ओळीत येऊ दे.

खाली एक हिशेब मांड. समजा, ५,२०,००० चा माल उचलला आणि ३०,००० चा परत केला. उरले ४,९०,०००. म्हणजे दीड टक्का, ७,३५० रुपये. परत केला नसता तर १३,००० मिळाले असते. हे आधी वाचलेला माणूस शेवटच्या आठवड्यात आणखी दहा हजारांच्या वर माल उचलतो. न वाचलेला दिवाळीनंतर गल्ल्यावर येऊन आवाज चढवतो.

तारीख बिलाची धरायची, ऑर्डरची नाही. गाडी भरायला आपल्याकडून उशीर झाला तर काय, तेही मालकांना आत्ताच विचारून घे. पेमेंटची मुदत आणि क्रेडिट नोट कधी मिळणार, दोन्ही तारखा ठळक टाक. 'अटी लागू' एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस, अटीच लिही.

आणि टार्गेट सगळ्यांना एकच नको. प्रत्येकाचा गेल्या दिवाळीचा आकडा त्याच्या प्रतीवर पेनाने लिहून दे.