आषाढी पावसातच का येते आणि तिची तारीख कशी निघते? तुमचे प्रश्न

"आषाढी भर पावसाळ्यातच का ठेवली असेल? कोरड्या दिवसांत वारी ठेवली असती तर लोकांचे हाल कमी झाले नसते का?"

कोरड्या दिवसांतही वारी आहेच की. कार्तिकी, माघी, चैत्री अशा अजून तीन वाऱ्या आहेत, फक्त त्यांची गर्दी टीव्हीवर आषाढीएवढी दिसत नाही. आषाढी पावसात का, याचं उत्तर त्या एकादशीच्या दुसऱ्या नावातच आहे. शयनी किंवा देवशयनी एकादशी. या दिवशी विष्णू झोपतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, मधले चार महिने म्हणजे चातुर्मास. आणि चातुर्मास हा मुळात पावसाळ्याचाच हिशेब आहे, नद्यांना पूर, वाटा बंद, म्हणून फिरणाऱ्या साधू-संन्याशांनी एका जागी थांबायचं अशी जुनी रीत, जैन मुनी आजही ती कडक पाळतात.

म्हणजे कुणीतरी पावसाळा बघून वारी ठेवली असं नाही. पावसाळ्याची मुक्कामाची रीत आधीची, तिचा पहिला दिवस ही एकादशी, आणि विठ्ठल हा विष्णूचंच रूप म्हणून त्या दिवशी पंढरपूर. बाकीचे जेव्हा चालणं थांबवतात त्या दिवसाच्या उंबरठ्यापर्यंत वारकरी चालत येतो, बरेच कीर्तनकार तर मग चार महिने तिथेच राहतात.

एक गंमत सांगतो. पावसातली वारी म्हणून जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते बरंचसं पुणे आणि दिवे घाटापर्यंतचं. घाट चढून सासवड, जेजुरी, पुढे लोणंद, फलटण, माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथे या दिवसांत आभाळ भरलेलं, वारा सुटलेला, अधूनमधून भुरभुर, आणि मुसळधार क्वचित. सोलापूर जिल्ह्याचा मोठा पाऊस सहसा सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे चालायला वैशाखापेक्षा आषाढ कितीतरी बरा, खाली चिखल असला तरी डोक्यावर ऊन नाही.

"२०२४ ला १७ जुलै, २०२५ ला ६ जुलै आणि २०२६ ला एकदम २५ जुलै. आधी अकरा दिवस मागे, मग एकोणीस दिवस पुढे. हे कोण ठरवतं?"

कोणी ठरवत नाही हो, गणितातून निघतं. पण हा प्रश्न मला फार आवडला कारण २०२६ चं उदाहरण अगदी काठावरचं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपला महिना चंद्राचा, अमावास्या संपली की नवा सुरू. असे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात आणि इंग्रजी वर्ष ३६५ चं, म्हणून कुठलाही सण पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. १७ जुलैवरून ६ जुलै झालं ते असं. नुसतं असंच चालू दिलं तर आषाढी दरवर्षी घसरत घसरत मे, मार्च, जानेवारी असं सगळं वर्ष फिरून येईल. हिजरी कालगणनेत तसंच होतं. आठवत असेल तर २०२३ मध्ये आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. तीन वर्षांनी बघा, २०२६ मध्ये ईद मे महिन्याच्या शेवटी आणि आषाढी जुलैच्या २५ ला. जोडीने निघालेले दोघं दोन वाटांना गेले, कारण आपल्याकडे चंद्राला सूर्याचा दोर बांधलाय.

तो दोर असा. महिन्याचं नाव चंद्र ठरवत नाही, सूर्य ठरवतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य मेष राशीत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, मिथुनेत जातो तो ज्येष्ठ आणि कर्केत जातो तो आषाढ. सूर्याचं हे राशी बदलणं म्हणजे संक्रांत. आपल्याला मकर संक्रांत तेवढी माहीत, पण अशा वर्षाला बारा असतात. कर्क संक्रांत दरवर्षी १६ जुलैच्या आसपास येते आणि ती ज्याच्या पोटात पडेल तोच आषाढ, म्हणून आषाढ पावसाळा सोडून कुठे जाऊच शकत नाही.

आता सूर्याला एक रास ओलांडायला चांद्रमहिन्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे कधीतरी एक चांद्रमहिना असा येतो की त्यात एकही संक्रांत पडत नाही. त्याला स्वतःचं नाव मिळत नाही, पुढच्या महिन्याचं नाव घेऊन त्याच्यामागे "अधिक" लावतात.

२०२६ मध्ये वृषभ संक्रांत १५ मेला, आणि अमावास्या संपते १६ मेच्या मध्यरात्रीनंतर. तिथून नवा महिना सुरू. हा महिना संपतो १५ जूनच्या अमावास्येला, सकाळी साडेआठच्या जरा आधी. आणि मिथुन संक्रांत कधी? त्याच दिवशी, १५ जूनलाच, पण दुपारी एकच्या सुमारास! साडेचार तासांनी चुकली. ती संक्रांत सकाळी आठच्या आधी झाली असती तर हाच महिना साधा ज्येष्ठ ठरला असता. पण महिना कोरा गेला म्हणून तो अधिक ज्येष्ठ, खरा म्हणजे निज ज्येष्ठ त्याच्यानंतर, आणि आषाढ थेट १५ जुलैला सुरू.

अधिक महिना पडला नसता तर अकरा दिवस मागे जाऊन एकादशी २५ जूनला आली असती. त्या दिवशी एकादशी आहेच, पण ती ज्येष्ठातली, निर्जला. बरोबर एक महिना पुढे सरकली ती आषाढी. पालख्याही निज ज्येष्ठातच निघतात, अधिक महिन्यात नाही. दरवर्षी कुणीतरी मला फोन करून "प्रस्थान दोनदा का नाही" असं विचारतंच, म्हणून लिहिलं.

आणि प्रत्येक अधिक महिना आषाढीला त्याच वर्षी ढकलतो असंही नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणजे आषाढीच्या नंतर, त्यामुळे त्या वर्षी ती जूनमध्येच उरकली आणि उडी पुढच्या वर्षी दिसली, २९ जूनवरून १७ जुलै. अधिक महिना आषाढाच्या आधी आहे की नंतर, एवढं बघितलं की पुढची तारीख तुम्ही घरबसल्या अंदाजाने सांगाल. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा शेवटचा आठवडा, याच्या बाहेर ती जात नाही.

"पंचांगात एकादशी २४ जुलैला सकाळीच लागतेय, मग उपास आणि यात्रा २५ ला का?"

कारण तिथी आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. चंद्र कधी जोरात पळतो कधी रेंगाळतो, त्यामुळे तिथी कधी एकोणीस-वीस तासांची तर कधी सव्वीसची, आणि ती दिवसा-रात्री कधीही बदलते. मग वाराला तिथी कुठली द्यायची? तर सूर्योदयाला जी चालू असेल ती.

२४ जुलैला सूर्य उगवतो तेव्हा दशमीच असते, सकाळी नवाच्या पुढे एकादशी लागते आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास संपते. २५ चा सूर्योदय एकादशीत, म्हणून २५. कॅलेंडरवर कधी कधी "स्मार्त" आणि "भागवत" अशा लागोपाठ दोन एकादश्या दिसतात ना, ते दशमी पहाटेपर्यंत रेंगाळली की होतं. सूर्योदयाच्या आधीच्या साधारण दीड तासात, म्हणजे अरुणोदयाला, दशमी शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी विटाळलेली मानतात आणि दुसरा दिवस धरतात. वारकरी भागवत एकादशी करतात. २०२६ ला हा घोळ नाही, दशमी आदल्या दिवशीच संपलेली आहे.

या कमी-जास्त तिथ्यांचा फटका चालणाऱ्यांनाही बसतो. देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला (२०२५ मध्ये १८ आणि १९ जून), आणि दोन्ही टोकं तिथीनेच बांधलेली. मधे एखादी तिथी गळाली किंवा वाढली की दिवस कमी-जास्त होतात, पण रस्ता तेवढाच राहतो, मग मुक्काम कापायचा किंवा वाढवायचा. माउलींच्या सोहळ्यात हे लोणंदला दिसतं, कुठल्या वर्षी तिथे एक दिवस, कुठल्या वर्षी अडीच.

"पेरण्या उरकून शेतकरी मोकळा होतो म्हणून वारी आषाढात, असं आजोबा सांगायचे. खरंय का?"

अर्धं खरं. मृग लागतो ७-८ जूनला, पाऊस वेळेवर झाला तर पंधरवड्यात पेरणी होते, आणि खुरपणीला लागायच्या आधी मधे थोडी उसंत मिळते. जुलैच्या मध्यावर आषाढी आली की हे छान जुळतं. पण तारीख तर एक महिनाभर मागेपुढे होते, तिला तुमच्या वाफशाशी काही देणंघेणं नाही.

२०२३ घ्या. आषाढी लवकर, म्हणून पालख्या १० आणि ११ जूनलाच निघाल्या. त्यात मान्सून उशिरा, केरळातच ८ जूनला पोचला आणि मुंबईत २५ जूनला जाहीर झाला. तोवर पालख्या निम्म्याहून जास्त वाट चालून गेल्या होत्या, उन्हातच. पेरणी घरी खोळंबलेली, बियाणं कोपऱ्यात, आणि माणूस वारीत. रात्री मुक्कामावर फोन फिरायचे ते "तिकडं पडला का?" एवढंच विचारायला. शिवाय सोलापूर हा पूर्वीपासून रब्बी ज्वारीचा जिल्हा, तिथली मोठी पेरणी मुळात पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे ज्यांच्या गावावरून वारी जाते त्यांनाच हे कारण नीट लागू होत नाही. आजोबांचं म्हणणं म्हणून मी असं घेतो की वारी पेरणीसाठी ठरली नाही, पण शेतकऱ्याला ती बहुतेक वर्षी जमते म्हणून टिकली.

"म्हणजे आषाढी कायम पावसाळ्यातच राहणार ना?"

आपल्या आयुष्यात तरी हो. फक्त आपल्या पंचांगाचं वर्ष राशीच्या ताऱ्यांवरून मोजलेलं आणि ऋतूंचं वर्ष त्याहून वीसेक मिनिटांनी लहान. दरवर्षी वीस मिनिटं म्हणजे ७२ वर्षांत एक दिवस. ज्ञानेश्वरांच्या काळापासून, म्हणजे १२९६ पासून, कर्क संक्रांत ऋतूंच्या मानाने साधारण दहा दिवस उशिरा येऊ लागलीय. हाच हिशेब चालू राहिला तर अजून दोन हजार वर्षांनी आषाढी महिनाभर पुढे गेलेली असेल, ऑगस्टमध्ये, तरी छत्री लागेलच.