चौघांचा एकच रिपोर्ट आणि ९०% साम्य

गटाने मिळून लिहिलेल्या प्रयोगाच्या रिपोर्टवर टर्निटिन या मजकुरातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ९०% दाखवलं, म्हणून घाबरू नकोस. आधी टर्निटिनचा साम्याचा अहवाल उघडून जुळणी कुठून आलीय ते बघ. चौघांनी तीच फाइल आपापल्या नावाने टर्निटिनवर चढवली असेल, तर एकाची प्रत दुसऱ्याशी जुळणारच. स्रोत म्हणून तिथे तुमच्याच कॉलेजचा 'Student Paper' दिसेल. सरांना लगेच मेल कर, चौघांची नावं दे आणि तो स्रोत वगळून आकडा बघायची विनंती कर. पुढच्या वेळी गटातर्फे एकानेच सबमिट करायचं का, हे आधीच विचारून घ्या.

वैयक्तिक भाग मागितला असेल तर गोष्ट वेगळी. प्रयोगाची आकडेवारी सामाईक चालते, पण निष्कर्ष ज्याचे त्याने लिहायचे. मित्राचा परिच्छेद समोर ठेवून शब्द फिरवलेस तर ती नक्कलच.

गूगल डॉक्सवर प्रत्येकाने स्वतःच्या लॉगिनने लिहा. व्हॉट्सॅपवर आलेला मजकूर एकानेच पेस्ट केला, तर 'Version history'मध्ये सगळं त्याच्याच नावावर दिसतं, आणि लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. रीडिंग घेणं, सर्किट जोडणं तिथे दिसतच नाही. म्हणून शेवटी तक्ता जोडा: 'सर्वांनी मिळून' नको, 'रीडिंग व आलेख: अमुक, चर्चा: तमुक' असं लिहा आणि चौघांच्या सह्या घ्या.