डिक्टेशनमधून एमएसई आणि जोखमीची नोंद वेगळी काढताना

प्रश्न: मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर रुग्णाच्या मुलाखतीनंतर सलग बोलून ठेवतात, ते आम्ही टंकतो. त्यातून एमएसई, म्हणजे रुग्णाच्या मानसिक स्थितीच्या तपासणीची नोंद, कशी काढायची? आत्महत्येचे विचार तिथेच लिहायचे की जोखमीच्या भागात?

उत्तर: दोन्हीकडे, पण सारखं नाही. एक काल्पनिक डिक्टेशन घेऊ.

"वय 42, दाढी वाढलेली, नजर खाली, आवाज हळू, उत्तराला वेळ घेतात. 'आतून रिकामं वाटतं' म्हणाले. चेहऱ्यावर फारसा बदल नाही. पंधरा दिवस झोप नाही. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. बेत नाही म्हणतात. पत्नीच्या मते गोळ्या साठवल्यात. भास नाहीत."

एमएसई म्हणजे मुलाखतीच्या वेळी दिसलं आणि ऐकलं तेवढंच. त्यामुळे झोपेची तक्रार इतिहासात जाते. दाढी आणि नजर 'पेहराव व वर्तन' या मथळ्याखाली, हळू आवाज आणि उशिरा येणारं उत्तर 'बोलणं' याखाली. 'आतून रिकामं वाटतं' हा मूड. तो अवतरणात, रुग्णाच्याच शब्दांत ठेवा, त्याचं 'उदास' करू नका. न बदलणारा चेहरा हा अफेक्ट, म्हणजे बाहेरून दिसणारा भाव, डॉक्टरांचं निरीक्षण. विचारांच्या आशयात एकच ओळ: 'मृत्यूची इच्छा व्यक्त, बेत नाकारला, तपशील जोखमीच्या भागात.'

पत्नीचं वाक्य मात्र एमएसईत नको, कारण ते रुग्णाकडून आलेलं नाही. ते इतिहासात आणि जोखमीच्या भागात, कोणी सांगितलं ते लिहून. तिथे रुग्ण 'बेत नाही' म्हणतो आणि पत्नी गोळ्यांबद्दल सांगते, ही विसंगती तशीच समोरासमोर राहू द्या. ती गुळगुळीत करून एक वाक्य बनवण्याचा मोह होतो, आणि नेमकी ती विसंगतीच पुढच्या डॉक्टरांना कळायला हवी असते.

आता जे डिक्टेशनमध्ये नाहीच ते बघा: पूर्वीचे प्रयत्न, हेतू, गोळ्या अजून घरात आहेत का, इतरांना धोका, आधार देणाऱ्या गोष्टी. इथे 'नाही' लिहायचं नाही, 'नोंद नाही' लिहायचं. रुग्णाने नाकारलं आणि कोणी विचारलंच नाही यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. स्मृती आणि भानाचंही तसंच. आधीच 'सामान्य' भरलेले साचे मला याच कारणाने आवडत नाहीत.

जोखीम 'कमी' की 'मध्यम' हे आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांनी म्हटलं असेल तरच, त्यांच्याच शब्दांत.

टंकताना सर्वांत सहज गळतो तो नकार. 'बेत नाही' मधला 'नाही' शब्द खोकल्यात बुडला की अर्थ उलटा होतो. म्हणून या भागातलं प्रत्येक नकारार्थी वाक्य ऑडिओशी पुन्हा ताडून पाहा. ऐकू आलं नाही तर अंदाज न बांधता वेळेसह 'अस्पष्ट' लिहा.

गोळ्यांसारखा प्रश्न अनुत्तरित राहिला तर मसुद्यात शेरा टाकून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मसुदा ते कधी उघडतील याचा भरवसा नसतो.