कमकुवत मोबाईल नेटवर्कवर टीसीपी की क्विक?

प्रश्न: आमच्या साइटवर फोटो भरपूर आहेत आणि गिऱ्हाईक बहुतेक मोबाईलवर, तेही रेंज येते-जाते अशा भागात. सर्व्हरवर एचटीटीपी/३ चालू केलं तर खरंच फरक पडेल, की नुसतीच हवा आहे?

फोटो भरपूर असतील तर फरक पडेल. मात्र लोक सांगतात तितका नाही. एचटीटीपी/३ म्हणजे टीसीपीऐवजी क्विकवर चालणारं एचटीटीपी, म्हणून खरी तुलना या दोघांची.

समजा, गिऱ्हाईक कर्जत-खंडाळा घाटात गाडीत बसलंय आणि फोनपासून सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंद लागतायत. टीसीपीची एक फेरी नुसती जोडणी करण्यात जाते, दुसरी टीएलएस १.३ च्या किल्ल्या ठरवण्यात, आणि पान मागता येतं तिसऱ्या फेरीत. म्हणजे पहिला बाइट हाती येईपर्यंत ६०० मिलिसेकंद. क्विक पहिली दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतं, म्हणून ४००. गिऱ्हाईक आधी येऊन गेलेलं असेल तर जोडणीच्या पहिल्या पॅकेटांसोबतच मागणी पाठवता येते, मग २००. पण ही घाईची मागणी मधल्या कुणी जशीच्या तशी पुन्हा पाठवू शकतं, त्यामुळे ती नुसतं पान दाखवण्यापुरतीच ठेवा, ऑर्डर किंवा पैशांसाठी नको. आणि अगदी पहिलंच पॅकेट हरवलं तर दोघांचीही साधारण एक सेकंद खोटी होते. तिथे क्विककडे काही जादू नाही.

खरी गंमत पुढे आहे. एचटीटीपी/२ मध्ये तुमचे वीस फोटो एकाच टीसीपी जोडणीतून, तुकडे एकमेकांत मिसळून येतात. टीसीपीला मात्र फोटो-बिटो काही कळत नाही, त्याच्या लेखी बाइटांची एकच रांग. सातव्या फोटोचं एक पॅकेट हरवलं की मागून आलेली सगळी पॅकेट फोनमध्ये पोचूनही ब्राउझरला मिळत नाहीत. हरवलेलं पुन्हा येईपर्यंत, म्हणजे निदान आणखी एक फेरी, वीसही फोटो अडकून बसतात. क्विकमध्ये प्रत्येक फोटोची रांग वेगळी, त्यामुळे सातवा थांबतो आणि बाकीचे येत राहतात. (एकाच पॅकेटात दोन फोटोंचे तुकडे असले तर दोघंही थांबतात.)

पॅकेट हरवल्यावर वेग मात्र क्विकही कमी करतं, तोही सगळ्या जोडणीचा. त्यामुळे साइटवर एकच मोठी फाइल असेल तर रांगा वेगळ्या असण्याचा उपयोग जवळपास शून्य.

चालू केल्यावर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये `Network` उघडून `Protocol` हा रकाना बघा. पहिल्या भेटीत `h2` दिसलं तर घाबरू नका, ब्राउझरला बहुतेक वेळा `Alt-Svc` हेडर वाचल्यावरच एचटीटीपी/३ असल्याचं कळतं. दोन-चारदा उघडूनही `h3` येत नसेल तर आधी फायरवॉल तपासा. तिथे ४४३ पोर्ट टीसीपीसाठी उघडं असतं, पण क्विक ज्यावर चालतं त्या यूडीपीसाठी उघडायचं राहून गेलेलं असतं. अशा वेळी ब्राउझर गुपचूप टीसीपीवर परततो, साइट नीट चालते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.