इंग्रजी परिच्छेद मराठीत आणताना: वडील नेमकं काय म्हणतील?

प्रश्न: एका इंग्रजी आठवणीतला छोटा परिच्छेद मराठीत करतोय. अर्थ कुठे चुकलेला नाही, पण वाचताना भाषांतर आहे हे लगेच कळतं. काय बदलू? मराठी वाक्प्रचार घातले तर बरं होईल का?

माझा मसुदा: “माझे वडील जास्त शब्दांचे माणूस नव्हते. जेव्हा मी त्यांना सांगितले की मी माझी नोकरी सोडली आहे, तेव्हा त्यांनी त्यांचं वर्तमानपत्र खाली ठेवलं, त्यांचा चष्मा काढला आणि अनंतकाळासारख्या वाटणाऱ्या वेळेसाठी माझ्याकडे पाहिलं. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘मला आशा आहे की तुला माहीत आहे तू काय करत आहेस.’ मला अर्थातच माहीत नव्हतं, पण मी त्यांना ते सांगणार नव्हतो.”

उत्तर:

वडिलांच्या वाक्यापासून सुरुवात करा. परिच्छेदाचा जीव तिथे आहे आणि ते वाक्य जमलं की बाकीची वाक्यं त्याच्या मागोमाग येतात.

‘आय होप’ दिसलं की हात आपोआप ‘मला आशा आहे की’ लिहून मोकळा होतो. पण मराठीत आशा धरतात ती मनापासून हव्या असलेल्या गोष्टीची. इथे वडिलांना शंका आली आहे, आणि आवाज न चढवता ती त्यांनी मुलासमोर ठेवली आहे. तेव्हा इंग्रजी शब्द बाजूला ठेवा आणि असा माणूस मराठीत काय बोलेल ते मोठ्याने म्हणून बघा.

“काय करतोयस ते कळतंय का तुला?” शब्दांनी हे मूळ वाक्याच्या सगळ्यात जवळ आहे, पण ही सरळ दटावणी झाली. असे वडील पेपर शांतपणे खाली ठेवणार नाहीत, आपटतील. “विचार करूनच सोडली असशील.” सूर आता बरोबर लागला, पण नजर मागे वळली. मूळ वाक्यातली काळजी सोडलेल्या नोकरीची नाही, पुढे काय याची आहे. म्हणून मी लिहीन: “पुढचा विचार केला असशील.”

यात सगळं काम ‘असशील’ने केलं आहे. वरवर विश्वास, खाली शंका; दोन्ही त्या एका क्रियापदाच्या रूपात मावतात. इंग्रजीला त्यासाठी ‘आय होप’ हे वेगळं क्रियापद लागतं, आपल्याला लागत नाही. शेवटी ‘ना’ लावायचा मोह होईल, तो आवरा. “केला असशील ना?” म्हटलं की तो प्रश्न होतो, आणि मग मुलाचं गप्प राहणं उर्मटपणाचं वाटतं. “असशीलच” केलंत तर बोलण्यात टोचणी येते. नुसतं ‘असशील’ इतकं मोघम आहे की त्यावर उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, आणि मूळ प्रसंगाला तेच हवं आहे.

आधीच्या ‘वेल’ला ‘ठीक आहे’ नको, त्यात संमती आल्यासारखी वाटते. ‘बरं’ पुरेसं आहे. इंग्रजीत ‘ही सेड’ मध्ये घालून वाक्य तोडलंय ते थांबा दाखवण्यासाठी. मराठीत ‘म्हणाले’ आधी घ्या आणि ‘बरं’नंतर पूर्णविराम द्या, तेवढाच थांबा मिळतो.

आता इथे वाक्य बदललं म्हणून शेवटचं वाक्यही बदलावं लागेल, आणि पुष्कळ भाषांतरं नेमकी इथे उसवतात. वडील आता ‘माहीत’ म्हणालेलेच नाहीत, त्यामुळे ‘मला अर्थातच माहीत नव्हतं’ हे उत्तर लोंबकळत राहतं. त्यांनी ‘विचार’ म्हटलं, तर मुलानेही तोच धागा पकडायला हवा: “तो केलेला नव्हताच, पण हे त्यांना थोडंच सांगणार होतो.” ‘अर्थातच’चं काम ‘नव्हताच’मधल्या ‘च’ने केलं. ‘थोडंच’ने मुलाचा चिवटपणा आला. “सांगायची माझी काय बिशाद” असं करू नका, कारण त्याने मुलगा घाबरट ठरतो. मूळात तो घाबरलेला नाही, कबूल करायचंच नाही असं त्याने ठरवलं आहे.

वाक्प्रचारांबद्दल विचारलंत. पहिलं वाक्य बघा. ‘कमी शब्दांचा माणूस’ ही इंग्रजीत इतकी वापरून गुळगुळीत झालेली बोलण्याची पद्धत आहे की वाचणारा तिथे अडखळत नाही. मराठीतही तो अडखळायला नको. इथे “तोंडात मिठाची गुळणी धरून बसत” असं काही घातलंत तर दोन घोटाळे होतील. एकतर तो वाक्प्रचार बोलायची वेळ असताना मुद्दाम गप्प बसणाऱ्यासाठी आहे, स्वभावाने कमी बोलणाऱ्यासाठी नाही. दुसरं, तो इतका ठसठशीत आहे की पुढचं सगळं त्याच्यापुढे फिकं पडेल. “वडील मोजकंच बोलत.” एवढंच पुरे. मूळ ठिकाणी रंग असेल तर रंगाला रंग द्यावा. साध्याला साधंच राहू द्यावं.

मधल्या लांब वाक्यात ‘त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचा चष्मा’ दोन्ही खोडा. इंग्रजीला तिथे मालकी सांगावीच लागते. मराठीत ‘त्यांनी त्यांचं’ म्हटलं की पेपर भलत्याच कुणाचा असावा असं वाटतं. सांगायचंच असेल तर ‘आपला’ येईल, पण इथे त्याचीही गरज नाही. ‘जेव्हा-तेव्हा’चं जू आणि मधला ‘की’ही काढा: “नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा.”

इथे एक सावधगिरी. अशी वाक्यं मराठी करताना ‘पेपर ठेवून, चष्मा काढून’ अशी साखळी लावायची आपल्याला सवय असते, आणि एरवी ती चांगलीच. पण तिने क्रिया घाईघाईने उरकल्यासारख्या होतात. या प्रसंगात प्रत्येक हालचालीला वेळ लागतो आहे आणि मुलाचा जीव टांगणीला आहे. म्हणून ‘ठेवला’, ‘काढला’ अशी पूर्ण क्रियापदंच राहू द्या.

‘अनंतकाळासारख्या वाटणाऱ्या वेळेसाठी’ याला ‘युगानुयुगे’ हा उपाय नव्हे, ते फार नाटकी होतं. “किती तरी वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले.” लांबलेला वेळ ‘बघत राहिले’मध्ये आहे आणि शांतता ‘नुसते’मध्ये.

तुमच्या मसुद्यात ‘सांगितले’ आणि ‘ठेवलं’ अशी दोन्ही वळणं आली आहेत. मुलगा स्वतःची आठवण सांगतोय, तेव्हा सगळीकडे बोलीतलं ‘-लं’च ठेवा.

सगळं जुळवल्यावर:

“वडील मोजकंच बोलत. नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि किती तरी वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरं. पुढचा विचार केला असशील.’ तो केलेला नव्हताच, पण हे त्यांना थोडंच सांगणार होतो.”

आता मूळ परिच्छेद पुन्हा समोर घेऊन काही गळलं का ते वाक्यावाक्याने तपासा. मला दिसतं ते असं: ‘काय करतोयस’ यात चालू क्षणही होता, ‘पुढचा विचार’मध्ये तो सुटला. ते मी चालवून घेईन. मात्र पुढच्या परिच्छेदात लेखकाने वडिलांचे हेच शब्द पुन्हा वापरले असतील, तर ते दोन्हीकडे चालतील असे निवडावे लागतील. म्हणून हे वाक्य पक्कं करण्याआधी पुढची दोन-चार पानं वाचून घ्या.