७ च्या पटींची बेरीज, n किती घ्यायचा?

१०० ते ५०० मधल्या ७ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज किती? सूत्र माहितीये, n कसा काढायचा तेच कळत नाही.

बेरीज १७,१५७ येते आणि n ५७ घ्यायचा. परळला क्लासमध्ये दहावीच्या पोरांना हेच शिकवतो, सूत्रात कोणी अडकत नाही, सगळे n मध्येच अडकतात. १०० नंतरची पहिली पट १०५ म्हणजे ७×१५, ५०० च्या आतली शेवटची ४९७ म्हणजे ७×७१, मग १५ पासून ७१ पर्यंत मोजायचं, ७१ − १५ + १ = ५७. तो +१ विसरलात तर ५६ येतं आणि उत्तर चुकतं. पुढे सरळ आहे,

S = n/२ × (पहिलं पद + शेवटचं पद) = ५७/२ × ६०२ = ५७ × ३०१ = १७,१५७

काहीजण ४०० ला ७ ने भागून ५७ काढतात, इथे जमतं पण ते नशीब, कारण १०४ ते ४९८ घेतलं तर पटी त्याच ५७ असतात पण ३९४ भागिले ७ केलं की ५६ च मिळतात. फक्त टोकाची संख्याच ७ ची पट असेल तर प्रश्न नीट वाचा: '१०५ ते ४९७ च्या दरम्यान' म्हटलं की शक्यतो दोन्ही टोकं सोडायची, मग १७,१५७ − ६०२ = १६,५५५.